तिरक्या अक्षाभोवती फिरणाऱ्या वस्तूवरच्या बिंदूचा वेग: ω × r वापरायचं कसं

वर्तुळात फिरणाऱ्या बिंदूची चाल म्हणजे कोनीय चाल गुणिले त्रिज्या, v = ωr, हे सूत्र शाळेत सगळ्यांनाच भेटतं. चाक, पंखा, चकती यांच्यासाठी ते पुरतं, कारण तिथे अक्ष कुठला आणि त्रिज्या कोणती हे डोळ्यांना सरळ दिसतं. पण एखादी लांबट पेटी तिच्या दोन कोपऱ्यांतून आरपार जाणाऱ्या तिरक्या अक्षाभोवती फिरते आहे आणि तिसऱ्याच एका कोपऱ्याचा वेग हवा आहे, असं म्हटलं की गाडी अडते. त्रिज्या मोजायला पट्टी कुठे लावायची? आणि तो कोपरा या क्षणी नेमका कुठल्या दिशेला निघाला आहे? चित्राकडे कितीही वेळ बघितलं तरी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खात्रीने देता येत नाही.

अशा वेळी चाल आणि दिशा दोन्ही एका फटक्यात देणारं सूत्र हे:

```
v = ω × r
```

या लेखात एकच पेटी घेऊन तिचं उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. यातला गुणाकार तसा सोपा आहे, दोन-चार गणितं केली की हात बसतो. नवख्या माणसाचं उत्तर चुकतं ते बहुतेक वेळा r कुठून मोजायचा या एका गोष्टीवर. म्हणून तिथे जास्त वेळ थांबू.

आधी सूत्रातली अक्षरं

ω हा कोनीय वेगाचा सदिश. तो फिरण्याच्या अक्षावर असतो आणि त्याची लांबी म्हणजे वस्तू सेकंदाला किती रेडियन फिरते तो आकडा. अक्षाला दोन टोकं असतात, त्यांपैकी बाण कुठल्या टोकाकडे काढायचा हे उजवा हात ठरवतो: बोटं फिरण्याच्या दिशेने वळवायची, अंगठा जिकडे जाईल ती ω ची दिशा. हेच दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर, बाणाचं टोक आपल्याकडे रोखलेलं असताना वस्तू घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरताना दिसली पाहिजे.

r हा स्थान सदिश. तो अक्षावरच्या कोणत्याही एका बिंदूपासून निघतो आणि ज्याचा वेग हवा त्या बिंदूपाशी संपतो. या वाक्यातला ‘अक्षावरच्या’ हा शब्द घट्ट धरून ठेवा. निर्देशक जिथून मोजतो तो आरंभबिंदू अक्षावर असेल तर r म्हणजे ज्याचा वेग हवा त्या बिंदूचे निर्देशकच. नसेल तर नाही.

आता हा गुणाकार बरोबर उत्तर का देतो ते पाहू. दृढ वस्तू स्थिर अक्षाभोवती फिरते तेव्हा तिच्यावरचा प्रत्येक बिंदू एका वर्तुळात फिरतो. वर्तुळाचं केंद्र अक्षावर असतं आणि त्रिज्या म्हणजे त्या बिंदूचं अक्षापासूनचं लंब अंतर, त्याला d म्हणू. Δt एवढ्या छोट्या वेळात वस्तू ωΔt एवढी वळते, म्हणून बिंदू d·ωΔt एवढं अंतर कापतो. म्हणजे चाल झाली ωd. दुसऱ्या बाजूने, r आणि अक्ष यांच्यातला कोन θ असेल तर सदिश गुणाकाराची लांबी ω·r·sinθ असते, आणि r sinθ हेच ते लंब अंतर d. चाल जुळली. दिशेचं म्हणाल तर बिंदू वर्तुळाच्या स्पर्शिकेवरून जातो, आणि ती स्पर्शिका अक्षालाही लंब असते, r लाही लंब असते. दोघांना लंब असा सदिश देणं हेच तर सदिश गुणाकाराचं, म्हणजे क्रॉस प्रॉडक्टचं, काम. लंब दिशा दोन असतात, त्यांतली कुठली हे पुन्हा उजव्या हाताचा नियम ठरवतो.

लांबी r नाही, d महत्त्वाची, हे पृथ्वीच्या उदाहरणात छान दिसतं. पृथ्वीची कोनीय चाल सुमारे 7.292 × 10⁻⁵ रेडियन प्रति सेकंद आहे. आरंभबिंदू पृथ्वीच्या केंद्रात घेतला तर तो अक्षावरच असतो. विषुववृत्तावर केंद्रापासूनचं अंतर 6378 किलोमीटर, आणि तिथला बिंदू पृथ्वीच्या परिवलनामुळे सेकंदाला साधारण 465 मीटर जातो. 60 अंश अक्षांशावर गेलात तर केंद्रापासूनचं अंतर जवळपास तेवढंच राहतं, पण अक्षापासूनचं अंतर निम्मं होतं आणि वेगही निम्म्यावर येतो. ध्रुवावर r तेवढाच लांब असतो, पण तो ω ला समांतर असतो. तिथे गुणाकार शून्य, आणि वेगही शून्य.

समांतर सदिशांचा गुणाकार शून्य होतो, यातूनच अक्षावरचा ‘कोणताही’ बिंदू का चालतो ते कळतं. सुरुवातीचा बिंदू अक्षावरून पुढे-मागे सरकवला तर r मध्ये ω ला समांतर असा तुकडा वाढतो किंवा कमी होतो. ω शी गुणताना तो तुकडा नाहीसा होतो, उत्तर बदलत नाही.

आपली पेटी

पेटीच्या कडा x दिशेत 0.6 मीटर, y दिशेत 0.2 मीटर आणि z दिशेत 0.3 मीटर. एक कोपरा O आरंभबिंदूवर ठेवला आहे. A हा कोपरा (0.6, 0, 0) इथे आणि B हा कोपरा (0, 0.2, 0.3) इथे. A आणि B हे पेटीचे आतून समोरासमोरचे कोपरे आहेत. त्यांना जोडणारा दांडा पेटीच्या पोटातून जातो आणि पेटी त्या दांड्याभोवती 14 रेडियन प्रति सेकंद या गतीने फिरते. दांडा जागचा हलत नाही. B च्या बाजूला उभं राहून A कडे पाहिलं तर पेटी घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरताना दिसते.

हवा आहे तो P (0.6, 0.2, 0.3) या कोपऱ्याचा वेग, ज्या क्षणी पेटीच्या कडा x, y, z अक्षांना समांतर आहेत त्या क्षणी. ही शेवटची अट फालतू वाटू देऊ नका. पेटी फिरते आहे, म्हणजे क्षणभरात P चे निर्देशक बदलणार आणि वेगाचे घटकही बदलणार. आपण काढतो ते उत्तर त्या एका क्षणाचं असतं.

पायरी 1: अक्षाची दिशा. A पासून B पर्यंतचा सदिश काढायचा. शेवटातून सुरुवात वजा:

```
B − A = (−0.6, 0.2, 0.3)
लांबी = √(0.36 + 0.04 + 0.09) = √0.49 = 0.7
u = (−0.6, 0.2, 0.3) / 0.7
```

u हा एकक सदिश, म्हणजे लांबी 1. A कडून B कडे जायचं की उलट, हे फिरण्याच्या दिशेवरून ठरतं. B च्या टोकाकडून पाहताना पेटी घड्याळाच्या उलट दिसते, म्हणजे बाण B कडून बाहेर, पाहणाऱ्याच्या दिशेने. म्हणून A कडून B कडे.

पायरी 2: ω सदिश. u ला 14 ने गुणायचं:

```
ω = 14 u = 20 × (−0.6, 0.2, 0.3) = (−12, 4, 6)
```

एकक रेडियन प्रति सेकंद. इथे लगेच लांबी तपासा: 144 + 16 + 36 = 196, वर्गमूळ 14. बरोबर. एकक सदिश करायला विसरून (−0.6, 0.2, 0.3) ला थेट 14 ने गुणणं ही अगदी नेहमीची चूक आहे, आणि ती या अर्ध्या ओळीच्या तपासणीत पकडली जाते, कारण तेव्हा लांबी 9.8 येते.

गती मिनिटाला अमुक फेरे अशी दिलेली असेल तर आधी तिला 2π/60 ने गुणून रेडियन प्रति सेकंदात आणायचं. आपले 14 म्हणजे मिनिटाला जवळपास 134 फेरे. 134 हाच आकडा ω म्हणून घातला तर प्रत्येक वेग साडेनऊ पट मोठा येईल.

पायरी 3: r. अक्षावरचा बिंदू म्हणून A घेऊ:

```
r = P − A = (0.6, 0.2, 0.3) − (0.6, 0, 0) = (0, 0.2, 0.3)
```

पायरी 4: गुणाकार. निश्चयक मांडून विस्तार करायची पद्धत बहुतेकांना येते. मला मात्र घटक सरळ लिहिणं जास्त भरवशाचं वाटतं, कारण निश्चयकात मधल्या घटकाचं वजा चिन्ह हटकून विसरलं जातं:

```
vx = ωy·rz − ωz·ry
vy = ωz·rx − ωx·rz
vz = ωx·ry − ωy·rx
```

पाठ करायचं ते एवढंच: x नंतर y, y नंतर z, z नंतर पुन्हा x. vx हवा असेल तर त्याच्या पुढची दोन अक्षरं y, z या क्रमाने घ्यायची आणि त्यातून उलट क्रम वजा करायचा. बाकीचे दोन घटकही याच चालीने. आकडे घातले की:

```
vx = 4·0.3 − 6·0.2       = 1.2 − 1.2 = 0
vy = 6·0 − (−12)·0.3     = 3.6
vz = (−12)·0.2 − 4·0     = −2.4
```

P चा वेग (0, 3.6, −2.4) मीटर प्रति सेकंद. चाल √(12.96 + 5.76) = √18.72, म्हणजे सुमारे 4.33 मीटर प्रति सेकंद.

आता A ऐवजी B पासून करून पाहू. r = P − B = (0.6, 0, 0). गुणाकार: vx = 0, vy = 6·0.6 = 3.6, vz = −4·0.6 = −2.4. तेच उत्तर, आणि कामही कमी, कारण r मध्ये दोन शून्यं आहेत. अक्षावरचा बिंदू निवडायची मोकळीक आहे तर ज्यामुळे जास्त शून्यं मिळतील तो निवडावा.

r आरंभबिंदूपासून घेतला तर

चुकीची वाट मुद्दाम चालून पाहण्यासारखी आहे. समजा कुणी विचार केला की P चा स्थान सदिश म्हणजे P चे निर्देशक, आणि r = (0.6, 0.2, 0.3) असा घेतला:

```
vx = 4·0.3 − 6·0.2           = 0
vy = 6·0.6 − (−12)·0.3       = 7.2
vz = (−12)·0.2 − 4·0.6       = −4.8
```

उत्तर आलं (0, 7.2, −4.8), खऱ्याच्या बरोबर दुप्पट. दिशा अगदी खरी, आकडे दिसायला स्वच्छ, कुठेही शंका येण्यासारखं काही नाही. शिवाय ते ω ला लंब आहे का ते पाहिलं तर 4·7.2 + 6·(−4.8) = 0. घेतलेल्या r ला लंब आहे का? 0.2·7.2 + 0.3·(−4.8) = 0. दोन्ही तपासण्यांत ते पास होतं. आणि होणारच, कारण r कुठलाही घेतला तरी क्रॉस प्रॉडक्ट दोघांना लंबच येतो. लंबपणाची तपासणी गुणाकारातली चूक पकडते, r चुकीच्या जागेवरून घेतल्याची चूक पकडत नाही.

ती पकडायची तर अक्षापासूनचं अंतर स्वतंत्रपणे काढावं लागतं. B पासूनचा r घ्या, (0.6, 0, 0). त्याचा अक्षाच्या दिशेतला घटक म्हणजे r·u = 0.6 × (−6/7), सुमारे −0.514. लंब अंतर पायथागोरसने:

```
d² = 0.36 − 0.2645 = 0.0955
d  = 0.309 मीटर
ωd = 14 × 0.309 = 4.33 मीटर प्रति सेकंद
```

4.33 हे पहिल्या उत्तराशी जुळतं. चुकीच्या उत्तराची चाल 8.65 येते, म्हणजे अक्षापासून 0.618 मीटर अंतर. P तर अक्षाच्या टोकापासूनच, म्हणजे B पासून, फक्त 0.6 मीटरवर आहे. लंब अंतर हे अक्षावरच्या कुठल्याही बिंदूपर्यंतच्या अंतरापेक्षा मोठं असूच शकत नाही. एवढं लक्षात आलं तरी चूक उघडी पडते, गणित करायचीही गरज नाही.

मग (0, 7.2, −4.8) हे निव्वळ निरर्थक आहे का? नाही, ते दुसऱ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे. O हा कोपराही पेटीबरोबर फिरतो आहे. A पासून O पर्यंतचा r आहे (−0.6, 0, 0), म्हणून O चा वेग येतो (0, −3.6, 2.4). P च्या वेगातून O चा वेग वजा करा: (0, 7.2, −4.8). म्हणजे O पासून घेतलेल्या r ने आपल्याला P चा O च्या सापेक्ष वेग दिला. O स्वतः स्थिर असता तर तोच खरा वेग ठरला असता. O आणि P या पेटीत समोरासमोर आहेत, त्यांचे वेग समान आणि विरुद्ध आहेत, म्हणून इथे नेमकं दुप्पट आलं. दुसऱ्या कोपऱ्यासाठी हीच चूक केली तर दिशाही चुकेल.

पेटी हवेत भिरकावली तर

वरचं निरीक्षण थोडं पुढे नेलं की सूत्राचं सर्वसाधारण रूप हाती येतं. दृढ वस्तूवरच्या कोणत्याही दोन बिंदूंसाठी:

```
v_P = v_A + ω × (P − A)
```

अक्ष स्थिर असेल आणि A अक्षावर असेल तर v_A शून्य, आणि आपलं जुनं सूत्र उरतं. A अक्षावर नसला तरी चालतं, फक्त त्याचा वेग माहीत हवा. O घेऊन खात्री करा: (0, −3.6, 2.4) + (0, 7.2, −4.8) = (0, 3.6, −2.4). जमलं. ω मात्र प्रत्येक वेळी तोच. सुरुवातीचा बिंदू कुठलाही घ्या, v_A बदलतो, r बदलतो, ω बदलत नाही. तो एका बिंदूचा नसून अख्ख्या वस्तूचा असतो.

आता समजा दांडा काढून टाकला आणि पेटी हवेत आहे. त्या क्षणी ω तोच (−12, 4, 6) आहे, पण A चा वेग (1, 0, 0) आहे. P चा वेग झाला (1, 3.6, −2.4). आता तो ω ला लंब आहे का? ω·v = −12 + 14.4 − 14.4 = −12. नाही, आणि नसायलाच हवा. स्थिर अक्षाची तपासणी इथे लावून आपलं बरोबर उत्तर खोडू नका. तिच्याऐवजी दुसरी आहे: ω·v हा आकडा वस्तूवरच्या प्रत्येक बिंदूसाठी सारखाच यायला हवा, कारण ω × r चा ω च्या दिशेत काहीच वाटा नसतो. Q (0.6, 0.2, 0) हा कोपरा घ्या. A पासून r = (0, 0.2, 0), ω × r = (−1.2, 0, −2.4), A चा वेग मिळवून (−0.2, 0, −2.4). ω·v = 2.4 − 14.4 = −12. जुळलं.

उत्तर खरं आहे का, हे कसं ओळखायचं

दृढ वस्तूची सगळ्यात भरवशाची तपासणी तिच्या व्याख्येतच आहे. दोन बिंदूंमधलं अंतर बदलत नाही, म्हणून त्यांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेत दोघांचा वेग सारखाच असायला हवा. नाहीतर ते जवळ येतील किंवा लांब जातील. P आणि Q यांना जोडणारी कड z दिशेत आहे. दोघांचा z घटक −2.4. P आणि B यांची कड x दिशेत. स्थिर दांड्यावरचा B जागचा हलत नाही, त्याचा x घटक शून्य, आणि त्या मांडणीत P चाही शून्य. पेटीसारख्या आकारात ही तपासणी तोंडी होते, म्हणून मी ती नेहमी सगळ्यात आधी करते.

गुणाकारात मधल्या घटकाचं चिन्ह चुकून उत्तर (0, −3.6, −2.4) आलं असतं, तर ω·v = −14.4 − 14.4 = −28.8 आलं असतं. स्थिर अक्षासाठी ते शून्य हवं, म्हणजे चूक लगेच सापडली.

पण एक चूक या सगळ्या तपासण्यांतून निसटते. ω × r ऐवजी r × ω केलं तर उत्तर (0, −3.6, 2.4) येतं. लांबी बरोबर, लंबपणा बरोबर, कडांची तपासणीही बरोबर, कारण पेटी उलट्या बाजूने फिरत असती तर हेच उत्तर खरं असतं. यावर उपाय म्हणजे क्रम बदलला आहे असा संशय आला की सोपा प्रयोग करायचा: ω वर, z दिशेत, आणि r पुढे, x दिशेत. वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरणारा x वरचा बिंदू y कडे जातो. तुमचं सूत्र किंवा प्रोग्राम y ऐवजी उणे y देत असेल तर क्रम उलटा लागला आहे.

हाताने केलेलं गणित संगणकावर पडताळायचं असेल तर पायथनमध्ये एवढं पुरतं:

```python
import numpy as np
A = np.array([0.6, 0.0, 0.0])
B = np.array([0.0, 0.2, 0.3])
P = np.array([0.6, 0.2, 0.3])
u = (B - A) / np.linalg.norm(B - A)
w = 14 * u
print(np.cross(w, P - A))
```

पहिला घटक नेमका शून्य न येता 10⁻¹⁶ च्या घरातला आकडा दिसू शकतो. ती दशांशांच्या गोळाबेरजेतली कसर आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करा.

पेटी फिरत राहते तेव्हा

v = ω × r हे सूत्र प्रत्येक क्षणाला खरं असतं, ω बदलत असला तरीही. वेग काढताना ω वाढतोय की कमी होतोय याने फरक पडत नाही. त्वरण काढायचं असेल तर मात्र फरक पडतो. तिथे ω च्या बदलाचं पद आणि ω × (ω × r) हे केंद्राकडे ओढणारं पद अशी दोन्ही लागतात. आणि वस्तू वाकत, ताणली जात असेल तर हे सूत्र एकटं पुरत नाही.

रोजच्या कामात जास्त वेळा नडतं ते निरनिराळ्या अक्षसंचांचं मिश्रण. वस्तूला चिकटवलेला जायरोस्कोप ω मोजतो तो वस्तूबरोबर फिरणाऱ्या स्वतःच्या x, y, z वर. वस्तूच्या आराखड्यातून घेतलेला r सुद्धा वस्तूच्याच अक्षांवर असतो, आणि तो कधी बदलत नाही. दोन्ही त्याच अक्षसंचात असतील तर गुणाकार बिनधास्त करा, पण मिळालेले वेगाचे घटकही वस्तूच्याच अक्षांवरचे असतात. जमिनीवर उभं राहून पाहणाऱ्याचे घटक हवे असतील तर त्या क्षणाच्या परिभ्रमण सारणीने v ला गुणावं लागतं. किंवा आधी ω आणि r दोन्ही जमिनीच्या अक्षांवर आणायचे आणि मग गुणायचं. एक इथला, एक तिथला असं केलं की आलेल्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

दांड्यावरच्या आपल्या पेटीत ही चूक विशेष छुपी राहते. ω अक्षावरच असल्यामुळे त्याचे घटक जमिनीवरून आणि पेटीवरून कायम सारखेच दिसतात, (−12, 4, 6). r ला P − A म्हणून एकदा (0, 0.2, 0.3) लिहिलं आणि प्रोग्राममध्ये तसंच राहू दिलं, तर वेग सतत (0, 3.6, −2.4) येत राहील. चाल 4.33, प्रत्येक क्षणाला बरोबर. पण एक पूर्ण फेरा 2π/14, म्हणजे सुमारे 0.449 सेकंदात होतो. त्याच्या निम्म्या वेळात, 0.224 सेकंदांनी, P अक्षाच्या पलीकडे पोचलेला असतो आणि त्याचा खरा वेग (0, −3.6, 2.4) असतो, म्हणजे प्रोग्राम सांगतो त्याच्या नेमका विरुद्ध. म्हणून नुसती चाल छापून समाधान मानू नका. अर्ध्या फेऱ्यानंतरचे तिन्ही घटक छापून बघा. त्यांची चिन्हं उलटली नसतील तर r गोठलेला आहे. मग r ला दर क्षणी पेटीबरोबर फिरवा, किंवा आलेल्या v ला जमिनीच्या अक्षांवर फिरवून घ्या.